‘बाकी सगळं नीट चालू आहे’

२०१६ साली मी भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत सिस्टीम ॲडमिन म्हणून लागलो, तेव्हा माझ्या आधीच्या माणसानं माझ्यासाठी एक कागद ठेवला होता. एकच पान. त्यावर सर्व्हरचा पत्ता, चार पासवर्ड, डोमेन कुठून घेतलं ते, आणि शेवटी एक वाक्य : ‘बाकी सगळं नीट चालू आहे.’

ते वाक्य खोटं नव्हतं. त्या दिवशी खरंच सगळं नीट चालू होतं. पण पुढच्या आठ वर्षांत मला ज्या ज्या गोष्टींनी छळलं, त्या सगळ्या त्या ‘बाकी’त होत्या.

२०२४ मध्ये मी ती नोकरी सोडली आणि तसाच कागद लिहायची पाळी माझ्यावर आली. मी मनाशी ठरवलं होतं, की आपण त्या माणसासारखं करायचं नाही. बसून नऊ पानं लिहिली. मग माझ्या जागी आलेल्या मुलीनं ती वाचली आणि तिनं विचारलेल्या प्रश्नांमुळे माझ्या लक्षात आलं, की मीही तेच एक पान लिहिलंय, फक्त मोठ्या अक्षरांत.

हा लेख त्या नऊ पानांबद्दल आहे. आपल्यानंतर येणाऱ्या, आपल्याला नीटशी ओळखही नसलेल्या माणसाला आपण नेमकं काय देणं लागतो, हा त्यातला प्रश्न.

जे यंत्रच सांगतं

आधी थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते. ४२ मेलबॉक्स. मेलसाठी भाड्यानं घेतलेला एक सर्व्हर. त्यावर दोन मुख्य प्रोग्रॅम. पोस्टफिक्स हा पोस्टमन : बाहेरून आलेलं मेल घेतो, आपलं बाहेर पाठवतो. डव्हकॉट हा टपालपेट्या सांभाळणारा : तुम्ही फोनवर मेल उघडता तेव्हा तुमच्या पेटीतलं टपाल तो दाखवतो. आणि या दोघांच्या बाहेर, साऱ्या जगाला दिसेल अशी एक पाटी असते, ती म्हणजे डीएनएस. या डोमेनचं मेल कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं, आणि या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे, हे त्या पाटीवर लिहिलेलं असतं.

माझ्या नऊ पानांत हेच सगळं होतं. कुठली सेटिंग काय आहे, कुठला रेकॉर्ड काय आहे, सोमवारी काय करायचं, एक तारखेला काय करायचं. नवी मुलगी सांगलीची. आधी एका कॉलेजच्या लॅबमध्ये दोन वर्षं काम केलेली. तिनं पानं वाचली, लॅपटॉप उघडला आणि दोन ओळी टाइप केल्या :

```
postconf -n
dig example.com MX +short
```

(खरं डोमेन आणि खरे आयपी पत्ते मी इथं बदललेत.) पहिल्या ओळीनं पोस्टफिक्सच्या बदललेल्या सगळ्या सेटिंग स्क्रीनवर आल्या. दुसरीनं, मेल कुठल्या सर्व्हरकडे जातं ते आलं. माझी साडेचार पानं तिला दहा सेकंदांत मिळाली.

“सर, काय आहे ते सर्व्हरच सांगतो,” ती म्हणाली. “का आहे, ते तुम्ही लिहा ना.”

मला थोडा रागच आला. पण तिचं बरोबर होतं. यंत्र स्वतःबद्दल जे सांगू शकतं ते कागदावर उतरवण्यात फारसं काही नसतं. कागदावर यायला हवं ते यंत्राला ठाऊक नसलेलं. आणि असं काय काय आहे हे शोधत गेलो, तेव्हा तीन गोष्टी सापडल्या : माझी कारणं, माझं अज्ञान आणि माझी चूक.

टोपलीखालचं मांजर

माझ्या कागदावर कामांच्या यादीत एक ओळ होती : ‘दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी डव्हकॉट रीस्टार्ट करणे.’

तिनं विचारलं, “का?”

मी म्हणालो, “करायचं असतं.”

श्राद्धाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. श्राद्धाच्या दिवशी घरातलं मांजर मध्येमध्ये करायचं, म्हणून आजोबा त्याला टोपलीखाली झाकून ठेवायचे. मुलांनी ते पाहिलं. आजोबा गेले, मांजरही गेलं. पुढे त्या घरात श्राद्ध आलं, की कुठून तरी मांजर शोधून आणून टोपलीखाली ठेवायची रीत पडली. ही गोष्ट आपण पुढच्या पिढीच्या बावळटपणाची म्हणून सांगतो. मला आता वाटतं, ती आजोबांचीही गोष्ट आहे. त्यांनी एकदा तरी सांगायला हवं होतं, की मांजर दुधात तोंड घालतं म्हणून हे केलंय.

माझ्या मांजराची हकिगत अशी.

मेल सर्व्हरला एक सर्टिफिकेट लागतं. तुमचा फोन सर्व्हरशी बोलायला लागतो तेव्हा समोरचा खरंच आपला सर्व्हर आहे ना, हे तो त्यावरून ओळखतो. आमचं वर्षभराचं विकतचं सर्टिफिकेट संपलं, तेव्हा १ जानेवारी २०१९ ला मी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट बसवलं. ते तेव्हा ९० दिवसच चालायचं. पण सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ३० दिवस उरले, की आपोआप नवं आणून ठेवायचा. मी खूश. २ मार्चला नवं सर्टिफिकेट आलंही. मी फाइल उघडून तारीख पाहिली, बरोबर होती. विषय संपला.

१ एप्रिलला सकाळी ४२ माणसांच्या फोनवर एकदमच इशारा आला, की या सर्व्हरवर विश्वास ठेवू नका. तारीख अशी, की काहींना वाटलं मी गंमत करतोय.

झालं असं होतं, की नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलं होतं, पण डव्हकॉट सुरू होताना जे वाचतो तेच डोक्यात धरून बसतो. त्याला कुणी ‘पुन्हा वाच’ म्हटलंच नव्हतं. तो महिनाभर जुनं दाखवत राहिला. आणि जुन्याचीही मुदत शिल्लक होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. चूक २ मार्चची, ती दिसली १ एप्रिलला. गंमत म्हणजे मेल जात नीट होतं. पोस्टफिक्सची बाहेरच्यांशी बोलणारी प्रोसेस काही वेळानं बंद होऊन नवी उघडते, त्यामुळे त्यानं नवं सर्टिफिकेट केव्हाच उचललं होतं. म्हणजे अर्धा सर्व्हर बरोबर आणि अर्धा चूक. दोन तास मी भलत्याच ठिकाणी शोधत बसलो.

हे तपासायचं असेल तर फाइल पाहून उपयोग नाही. सर्व्हर बाहेरच्याला प्रत्यक्षात काय दाखवतोय ते पाहावं लागतं :

```
openssl s_client -connect mail.example.com:993 </dev/null 2>/dev/null \
  | openssl x509 -noout -enddate
```

ही तारीख आणि डिस्कवरच्या फाइलमधली तारीख वेगळी आली, तर डव्हकॉट जुनं धरून बसलाय.

खरा उपाय सोपा होता. सर्टबॉटला सांगायचं, की नवं सर्टिफिकेट आणलंस की डव्हकॉटला लगेच रीलोड कर. त्यासाठी `/etc/letsencrypt/renewal-hooks/deploy/` मध्ये दोन ओळींची फाइल ठेवायची. मी ते केलं नाही. त्या दिवशी घाई होती, हातानं रीस्टार्ट केलं, आणि दर एक तारखेला रीस्टार्ट करायची स्वतःला सवय लावून घेतली. पाच वर्षं.

तिनं हे ऐकलं आणि कागदावर हिशोब मांडला. “सर, ३० दिवस आधी नवं येतं. तुम्ही महिन्यातून एकदा रीस्टार्ट करता. मार्च ३१ दिवसांचा. २ तारखेला नवं आलं, तर जुनं १ एप्रिललाच संपतं. तुम्ही साडेनऊला ऑफिसला येता. ते नऊला संपत असलं तर?”

मी गप्प. पाच वर्षं माझी पद्धत काही तासांच्या नशिबावर चालली होती. शिवाय आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एक तारीख गुरुवारी आली तर?

इथं मला पहिली गोष्ट कळली. मी कारण लिहिलं नव्हतं ते विसरलो म्हणून नाही. कारण लिहायचं म्हणजे ‘मी एकदा चुकलो, आणि मग आळसानं अर्धाच उपाय केला’ हे लिहायचं. प्रत्येक विचित्र सवयीमागे असा एखादा ओशाळा दिवस असतो. तो लपवायला आपण त्या सवयीला नियमाचं रूप देतो. पुढच्या माणसाला नियम मिळतो, कारण मिळत नाही. मग तो एक तर डोळे मिटून पाळतो किंवा एक दिवस ‘हे काय उगाच’ म्हणून सोडून देतो. दोन्हीत धोका आहे, आणि दोन्हीचा दोष खरं तर आपला असतो.

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून ती दोन ओळींची फाइल बसवली. कागदावरची एक तारखेची ओळ गेली. तिच्या जागी १ एप्रिलची सगळी हकिगत आली.

‘माहीत नाही’ हेही लिहायचं

दुसरा ‘का’ डीएनएसवरच्या एका ओळीबद्दल होता :

```
example.com. IN TXT "v=spf1 mx ip4:198.51.100.77 -all"
```

याला एसपीएफ म्हणतात. साध्या भाषेत अर्थ असा : आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी आमच्या मेल सर्व्हरला आहे आणि या एका आयपी पत्त्याला आहे, बाकी कुणी पाठवलं तर ते आमचं नाही. गुगलसारखे मेल घेणारे ही ओळ वाचतात, आणि जुळलं नाही तर मेल स्पॅममध्ये टाकतात किंवा परत धाडतात.

तो मधला पत्ता कुणाचा? मी २०१६ ला आलो तेव्हा तो तिथं होताच. आधीच्या माणसाच्या एका पानात त्याचा उल्लेख नव्हता. मी पत्ता शोधून पाहिला, तर तो एका होस्टिंग कंपनीच्या हजारो पत्त्यांपैकी एक निघाला. त्यावरून काही कळेना. कित्येक वर्षं मी त्याला हात लावला नाही. जुन्या वाड्यात एखादी खोली कायम बंद असते तसं.

पण अनोळखी पत्त्याला आपल्या नावानं मेल पाठवायची मुभा देऊन ठेवणं हेही बरं नाही. उद्या तो पत्ता होस्टिंग कंपनीनं दुसऱ्याच कुणाला दिला, तर त्याला आमच्या नावानं मेल पाठवता येईल आणि ते खरं ठरेल. म्हणून २०२३ च्या सुरुवातीला मी रीतसर तपास केला. डीमार्क नावाचा आणखी एक रेकॉर्ड असतो. तो लावला, की मेल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्याला नियमित अहवाल पाठवतात : तुमच्या नावानं अमुक पत्त्यावरून इतकी मेल आली, एसपीएफ जुळलं की नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. तीन महिन्यांचे अहवाल पाहिले. त्या पत्त्यावरून एकही मेल नाही. एप्रिलमध्ये मी ती नोंद काढली आणि स्वतःची पाठ थोपटली.

जूनमध्ये अकाउंट्सच्या मॅडम रागानं लाल होऊन माझ्या टेबलाशी आल्या. फॉर्म १६ कुणालाच मिळाला नव्हता. काहींचा स्पॅममध्ये गेला, काहींचा परत आला.

पगाराचं काम बाहेरची एक संस्था बघायची. महिन्याच्या पगाराच्या पावत्या ती तिच्या पोर्टलवर ठेवायची, मेल करायची नाही. पण फॉर्म १६ मात्र वर्षातून एकदा, जूनमध्ये, आमच्या अकाउंट्सच्या नावानं स्वतःच्या सर्व्हरवरून सगळ्यांना मेल करायची. तो सर्व्हर म्हणजे तो पत्ता. मी तीन महिने दारावर पहारा दिला, आणि पाहुणा वर्षातून एकदाच येणारा होता.

मी नोंद परत घातली, संस्थेला मेल पुन्हा पाठवायला लावलं, मॅडमची माफी मागितली. आणि हे सगळं झाल्यावर त्या पत्त्याशेजारी, कुठल्याच कागदावर, एक शब्द लिहिला नाही. आता मला माहीत होतं ना! ज्या मौनामुळे माझी फजिती झाली, तेच मौन मी पुढच्या माणसासाठी जसंच्या तसं जपून ठेवलं.

आमच्या डीएनएसवर आणखी दोन टेक्स्ट रेकॉर्ड आहेत. लांबलचक निरर्थक अक्षरांची माळ असावी तसे. बहुधा कुठल्या तरी सेवेनं डोमेन आमचंच आहे याची खूण म्हणून कधी काळी लावायला सांगितलेले. कुठली सेवा, चालू आहे की बंद, मला आजही माहीत नाही. माझ्या नऊ पानांत ते दोन रेकॉर्ड नव्हतेच. नऊ पानं लिहिणाऱ्या माणसाला ‘मला माहीत नाही’ लिहायची लाज वाटते. लाज झाकायचा सोपा उपाय म्हणजे ती गोष्ट यादीतच न घेणं.

पण अज्ञानातही दोन प्रकार असतात हे मी जूनमध्ये शिकलो होतो. ‘याचा उपयोग नाही’ हे एक वाक्य. ‘जानेवारी ते मार्च २०२३ पाहिलं, या काळात याचा वापर दिसला नाही’ हे दुसरं. पहिल्यात माझा रुबाब राहतो. दुसऱ्यात पुढच्या माणसाला कळतं, की माझ्या माहितीची भिंत नेमकी कुठं संपते आणि कुठून पुढे त्यानं स्वतः चाचपायचं. ज्ञान दिल्यावर आपण मोठे होतो. अज्ञानाची हद्द आखून दिल्यानं आपल्याला काहीच मिळत नाही, समोरच्याला मात्र मिळतं. म्हणूनच ते कुणी लिहीत नसावं.

`nrcpt=2`

आता तिसरी गोष्ट. ती तिनं विचारली नसती, तर मी लिहिलीच नसती.

माझा शेवटचा आठवडा. एका ग्राहकाची तक्रार आली, की सेल्समधल्या काकांचं कोटेशन उशिरा पोचलं. शोधायचं काम मी तिला दिलं. लॉग कसा वाचायचा ते तिला येत होतं. थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

“सर, काकांनी एकालाच पाठवलंय. इथं दोन का?”

स्क्रीनवर अशी ओळ होती :

```
postfix/qmgr[1187]: 4VxK2q1Z9Tz: from=<sales2@example.com>, size=18342, nrcpt=2 (queue active)
```

`nrcpt` म्हणजे हे मेल किती जणांना जाणार. तिथं २ होतं. दुसरा पत्ता होता मोठ्या साहेबांच्या खात्याचा.

मला क्षणभर खरंच आठवेना. मग आठवलं आणि पोटात खड्डा पडला.

२०२० मध्ये साहेबांना संशय आला होता, की आमची कोटेशनं बाहेर फुटतात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, काकांच्या प्रत्येक मेलची एक प्रत मला येऊ दे, दोन महिन्यांपुरतं. पोस्टफिक्समध्ये याची सोय आहे. `sender_bcc_maps` नावाच्या एका फाइलमध्ये एक ओळ घालायची, की त्या माणसानं पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत गुपचूप दुसऱ्याकडे जाते. पाठवणाऱ्याला दिसत नाही, घेणाऱ्यालाही दिसत नाही. मी ओळ घातली. पाच मिनिटांचं काम. संशय खोटा निघाला. पुढे त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही. ओळ तिथंच राहिली. चार वर्षं.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. ती फिरवली, की तो अदृश्य होतो. प्रश्न असा, की कुणी पाहणारच नसेल तर माणूस न्यायानं वागेल का? सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बोटात ती अंगठी कायमच असते. ४२ माणसांची पत्रं डिस्कवर साध्या फाइलींत पडलेली असतात आणि मी ती उघडली तर कुणाला कळणार नाही. मी उघडत नव्हतो, आणि याचा मला मनातून अभिमान होता. पण ती अंगठी घालणारा निदान स्वतः तिथं उभा असतो. माझं कृत्य असं, की मी घरी झोपलेला असतानाही चालू होतं, मी विसरल्यावरही चालू होतं, आणि मी नोकरी सोडून गेल्यावरही चालू राहणार होतं. माणसाचा संशय कालांतरानं विरतो. कॉन्फिगरेशनमधली ओळ विरत नाही, कारण तिच्याकडे संशय नसतोच. तिच्याकडे फक्त हुकूम असतो.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या.

एक, काहीच न बोलणं. पण मग सोमवारपासून ही ओळ चालवणारी ती होणार होती. तिनं कधी होकार न दिलेल्या गोष्टीत ती भागीदार होणार होती, आणि उद्या काकांना कळलं असतं तर बोट तिच्याकडे गेलं असतं.

दोन, कुणाला न सांगता ओळ पुसून टाकणं. ही वाट सगळ्यांत मोहाची होती. तिच्यात चांगलं काम केल्याचं समाधानही होतं. पण जे लपून सुरू केलं ते लपूनच बंद करायचं, म्हणजे ते कधी झालंच नाही असं करायचं. पुसायचं होतं ते पाप नव्हे, पुरावा.

तीन, कागदावर लिहून मोकळं होणं. ‘अशी एक ओळ आहे, काय ते बघ.’ हेही मला पटेना. दोन आठवड्यांपूर्वी रुजू झालेल्या मुलीनं मालकाच्या केबिनमध्ये जाऊन हा विषय काढायचा? हे तर ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला प्रामाणिकपणा म्हणणं झालं.

कुणी म्हणेल, सर्व्हर कंपनीचा, मेल कंपनीचं, हुकूम मालकाचा; तू कोण? गवंडी खिडकी बसवतो, त्यातून कोण कुणाकडे बघतं याचा जाब त्याला कुणी विचारत नाही. खरं आहे. पण गवंड्याला खिडकीपलीकडे कोण राहतं हे माहीत नसतं. मला माहीत होतं. पलीकडचे काका रोज माझ्यासमोर डबा उघडून बसायचे आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर ठेवायचे.

मी केबिनमध्ये गेलो. सांगितलं, की हॅंडओव्हरच्या कागदात ही नोंद मी करणार आहे. चालू ठेवायची असेल तर कंपनीचं मेल पाहिलं जाऊ शकतं असं सगळ्यांना लेखी कळवा, आणि तुमच्या सहीनं चालू ठेवा. नाहीतर मी ती आज काढतो.

मला भांडणाची तयारी होती. साहेब चष्मा काढून म्हणाले, “अजून चालू आहे का ते?”

ते विसरले होते. त्यांच्या खात्यात एक नियम होता, तो काकांची सगळी मेलं एका फोल्डरमध्ये ढकलायचा. तो फोल्डर त्यांनी कित्येक महिन्यांत उघडला नव्हता. आम्ही दोघांनी उघडला. सुमारे साडेअकरा हजार मेलं. मी मुद्दाम वाचलं नाही, पण विषयांच्या ओळी डोळ्यांपुढून जातातच. कोटेशनं, स्मरणपत्रं, आणि मध्येच कुठं मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म, कुठं डॉक्टरांना पाठवलेला रिपोर्ट. ऑफिसच्या मेलवरून माणसं आयुष्यही चालवतात. एक माणूस चार वर्षं पाहिला जात होता आणि पाहणारं कुणीच नव्हतं. हे कमी वाईट की जास्त, मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेब म्हणाले, “काढ. सगळं काढ.” ओळ काढली. फोल्डर पुसला.

जे पुसता येत नाही

“बॅकअपमध्ये आहेत ना?” संध्याकाळी ती म्हणाली.

आमच्या बॅकअपचा नियम असा, की रोजच्या ७ प्रती ठेवायच्या, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२. त्यापेक्षा जुनी प्रत आपोआप जाते. म्हणजे आज पुसलेला फोल्डर महिन्याच्या प्रतींमध्ये अजून वर्षभर राहणार होता. सगळे बॅकअप पुसावेत तर ४१ इतर माणसांची सुरक्षितता जाते. थांबण्याशिवाय उपाय नव्हता.

म्हणून माझ्या कागदात शेवटी एक नवीन काम आलं. वर्षभरानंतरची एक तारीख, आणि समोर : ‘सर्वांत जुनी प्रत उघडून पाहणे. साहेबांच्या खात्यातला अमुक फोल्डर त्यात नसल्याची खात्री करणे.’ खाली कारण लिहिलं. ओळ कधी घातली, कुणाच्या सांगण्यावरून, कुणी घातली, कधी काढली. ‘कुणी घातली’ यापुढे माझं नाव आहे.

एवढं सगळं लिहूनही एक गोष्ट राहिली. मी काकांना सांगितलं नाही.

माझी कारणं आहेत. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ज्या घरात आयुष्य काढलं त्या घरानं आपल्यावर संशय घेतला होता हे कळून त्यांचं काय भलं होणार? साहेब सांगतील तर सांगतील. ही कारणं मी कागदावर लिहून पाहिली आणि मला १ तारखेच्या रीस्टार्टची आठवण झाली. ती कारणं होती की टोपली, हे मला कळेना.

हॅंडओव्हरचा कागद पुढच्या माणसासाठी असतो. त्याच्याशी खरं बोलणं आपण शिकू शकतो. अवघड असलं तरी ते जमतं, कारण त्याचं आपण काही बिघडवलेलं नसतं. पण ज्याचं बिघडवलं त्याचं नाव त्या कागदावर ‘प्रति’ म्हणून कधीच नसतं.

शेवटच्या दिवशी काका दारापर्यंत आले. म्हणाले, “तू गेल्यावर माझं मेल कुठं अडकणार नाही ना रे?”

मी म्हणालो, “नाही काका. नीट जाईल.” ते खरं होतं. मग आणखी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “बाकीचंही सगळं नीट चालू आहे.”

माझ्यामागे ती उभी होती. ती काही बोलली नाही.